‘हा रिपोर्ट थांबवा’: अंबडच्या एका कारखान्यातलं प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. तिथं संगणकाचं काम बघणारी आम्ही दोघंच. ईआरपीमधून निघणारे रिपोर्ट रोज सकाळी सातला आपोआप मेलवर जातात, आणि ते बिनबोभाट जावेत ही जबाबदारी माझी. ‘बिनबोभाट’ हा शब्द मला पुढं फार महागात पडला.

त्याचं असं झालं. रिजेक्शनच्या रिपोर्टमधला तारखेचा हिशोब माझ्या एका बदलामुळं बिघडला आणि अकरा दिवस तो रिपोर्ट रिकामा जात राहिला. वर शीर्षक, खाली तक्त्याचे रकाने, आत काहीच नाही. मेल चाळीसेक लोकांना जात होता, पण अकरा दिवसांत एकाचाही फोन आला नाही. चूक मलाच सापडली, तीही दुसरंच काही शोधताना. क्वालिटीच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, मी तो आकडा शिफ्ट संपली की लाइनवरच विचारून घेते. मेल कोण उघडतंय?” स्टोअरच्या काकांनी तर मला त्यांचा स्क्रीनच दाखवला. त्यांनी आउटलुकमध्ये नियम लावून माझे सगळे मेल एका फोल्डरला वळते केले होते आणि त्यावर न वाचलेल्यांचा आकडा होता १,४१२.

हिशोब केला तेव्हा कळलं की रिपोर्ट होते १९ आणि बहुतेक सगळे रोजचे. प्रत्येकाची पत्त्यांची यादी त्याच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेली. कुणी साहेब बैठकीत म्हणाले, “हे सगळ्यांना जाऊ दे,” की मी त्यात एक ग्रुप वाढवायचो. काढा असं मात्र कधीच कुणी सांगितलं नाही. काढायला सांगणं म्हणजे ‘मी हे वाचत नाही’ अशी कबुली देणं, आणि साहेबांसमोर ती कोण देणार?

पहिला उपाय सुचला तो एक्सेलचा. एक शीट फिरवली: उभ्या रकान्यात रिपोर्ट, आडव्या ओळीत नावं, हवा असेल तिथं ‘हो’ लिहा. मेलच्या सीसीमध्ये प्लँट हेड साहेब होते. आठवड्यानं शीट परत आली तर जवळपास सगळीकडं ‘हो’. स्टोअरच्या काकांनीही सगळे ‘हो’ भरलेले. मी फोल्डरची आठवण करून दिली तर म्हणाले, “भाऊ, साहेब बघतायत ना ते. नंतर बघू.”

यातून एक गोष्ट पक्की झाली. निवड चारचौघांत मागायची नाही आणि आगाऊही मागायची नाही. नको असलेला मेल समोर उघडा असतो, त्या क्षणी माणूस खरं उत्तर देतो. म्हणून निवडीची जागा वेगळ्या पानावर न ठेवता मेलच्या तळाशीच ठेवायचं ठरवलं. पान बनवलं खरं, पण ते आजही फारसं कुणी उघडत नाही. खरं काम करतात त्या प्रत्येक रिपोर्टखालच्या दोन ओळी:

“हा रिपोर्ट तुम्हाला रोज येतो, कारण तुम्ही डिस्पॅच विभागात आहात.
आठवड्यातून एकदा हवा · फक्त गडबड असेल तेव्हाच हवा · हा रिपोर्ट थांबवा”

पहिल्या ओळीतलं ‘कारण’ महत्त्वाचं निघालं. मेल कुठून आणि का येतो हे माहीत नसेल, तर तो थांबवला तर काही बिघडेल का, या भीतीनं माणूस तो तसाच येऊ देतो. आणि ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द मुद्दाम टाळला. त्या शब्दाची सवय जाहिरातींच्या मेलमधून झालेली असते, आणि तिथं दाबल्यावर सगळंच बंद होतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. ‘हा रिपोर्ट थांबवा’ म्हटलं की फक्त हाच थांबणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आतली रचना साधी आहे. पत्ते स्क्रिप्टमधून काढले आणि एका टेबलात टाकले. एक माणूस आणि एक रिपोर्ट मिळून एकच ओळ:

```sql
CREATE TABLE subscription (
  person_id    INT NOT NULL,
  report_code  VARCHAR(20) NOT NULL,
  frequency    VARCHAR(10) NOT NULL, -- daily, weekly, exception
  status       VARCHAR(5)  NOT NULL, -- on, off
  until_date   DATE,
  changed_at   TIMESTAMP NOT NULL,
  PRIMARY KEY (person_id, report_code)
);
```

थांबवलं की ओळ पुसायची नाही, `status` फक्त `off` करायचा. पुसली तर पुढच्या वेळी विभागाची यादी पुन्हा भरताना तो माणूस गुपचूप परत आत येतो, आणि एकदा थांबवलेला मेल परत आला की त्या बटणावरचा विश्वास कायमचा उडतो. प्रत्येक बदलाची नोंद दुसऱ्या एका टेबलात वेगळी साठते. तिचा उपयोग पुढं येईलच.

प्रत्येक रिपोर्टला वेगळं वेळापत्रक लावण्याऐवजी रोज सकाळी एकच काम उठतं आणि टेबलाला विचारतं, आज कुणाचं काय देणं आहे?

```
30 1 * * * /opt/reports/send_due.sh
```

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणून इथं दीड दिसतो. आपल्याकडे तेव्हा सात वाजलेले असतात.

खरी कटकट झाली ती ग्रुपच्या पत्त्यांची. डिस्पॅचचा एक सामाईक पत्ता होता आणि त्यामागं तिन्ही शिफ्टचे मिळून सात जण. मेल पत्त्याला जातो, लिंक पत्त्याच्या नावाची असते. एकानं ‘थांबवा’ दाबलं की सातही जणांचा बंद. म्हणून सगळे ग्रुप फोडून माणसामाणसाच्या ओळी केल्या. त्यात दोन दिवस गेले, कारण ग्रुपमध्ये कोण आहे हे कुणालाच नीट सांगता येईना. नोकरी सोडून सिन्नरला दुसरीकडं रुजू झालेले दोघे अजून त्यात होते. खरेदीतून स्टोअरला बदली झालेल्या एका जणाला पुरवठादारांच्या दरांचा रिपोर्ट अजून जात होता. तेव्हापासून हा रिपोर्ट बघायचा हक्क आहे का, हे रिपोर्टसाठी नाव नोंदवताना तर तपासतोच, शिवाय रोज पाठवायच्या आधीही तपासतो. बदली झाली आणि हक्क गेला की रिपोर्ट त्या दिवसापासून थांबतो, आणि माणसाला एकदाच कळवतो की अमुक कारणानं थांबला.

आठवड्याचा रिपोर्ट म्हणजे रोजचे सहा रिपोर्ट एकाखाली एक चिकटवलेले, असं मला सुरुवातीला वाटत होतं. तसं नसतं. साठ्याचा रिपोर्ट त्या घडीची स्थिती सांगतो, त्यामुळं आठवड्यातून एकदा पाठवताना शेवटच्या दिवसाची स्थिती दिली की झालं. रिजेक्शनचं मात्र तसं नाही. मी आधी रोजच्या टक्केवारीची सरासरी काढली होती. क्वालिटीच्या मॅडमनी कागदावर दोन दिवस मांडून दाखवले: पहिल्या दिवशी १,००० नग बनले, १० बाद झाले, म्हणजे १ टक्का. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडल्यामुळं १०० च बनले आणि त्यातलेही १० बाद, म्हणजे १० टक्के. माझी सरासरी सांगत होती साडेपाच टक्के. प्रत्यक्षात ११०० मधले २० बाद, म्हणजे १.८ टक्के. “हा आकडा साहेबांकडं गेला असता तर माझी फाइलच उघडली असती,” मॅडम म्हणाल्या. टक्केवारीचा कोणताही रिपोर्ट आठवड्याचा करायचा तर वरचे आणि खालचे आकडे वेगवेगळे बेरीज करून मग भागायचे, एवढं त्यावरून शिकलो.

आठवडा कुठं संपतो हाही प्रश्न होता. सॉफ्टवेअरला सोमवारची सवय. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. सोमवारी गेलेला मेल एक दिवस शिळा, आणि त्यात नव्या आठवड्याचा रविवारही मिसळलेला. आता तो रविवारी सकाळी सातला जातो आणि मागचा रविवार ते शुक्रवार एवढंच दाखवतो.

आता मुख्य अपघाताकडं येतो.

सगळं सुरू करून आठवडा झाला असेल. सकाळी साडेसातला द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलो होतो, तेवढ्यात मोबाइलवर दोन फोन आले: आज रिपोर्ट आला नाही. कारखान्यात पोचून नोंदी बघितल्या तर आदल्या दिवशी ३१ जणांचे रिपोर्ट ‘थांबवले’ म्हणून नोंदलेले. मला आधी वाटलं, लोकांना इतका कंटाळा आला होता! मग वेळा बघितल्या. मेल सुटला ०७:००:१२ ला, थांबवला ०७:००:१९ ला. सात सेकंदांत कुणी मेल उघडून तळापर्यंत जात नाही. शिवाय एकाच माणसाचे चार रिपोर्ट एकाच सेकंदाला थांबलेले. आणि ज्या आयपी पत्त्यांवरून हे झालं, ते आमच्या कारखान्याचेही नव्हते, कुणाच्या मोबाइलचेही नव्हते.

माणसं दाबतच नव्हती. त्याच आठवड्यात कंपनीच्या मेलवर सुरक्षेची नवी गाळणी चालू झाली होती. ती आत येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक पोचवायच्या आधी उघडून बघते, पलीकडं काही घातक आहे का म्हणून. माझी ‘थांबवा’ ही लिंक साधी होती: उघडली की काम झालं. गाळणीनं ती इमानदारीनं उघडली. वरच्या ‘आठवड्यातून एकदा’ आणि ‘गडबड असेल तेव्हाच’ या लिंकही तिनं उघडल्याच होत्या. ‘थांबवा’ शेवटी होती, म्हणून शेवटचा शब्द तिचा. ज्यांचा मेल कंपनीबाहेरच्या पत्त्यावर जातो, त्या दोघा सल्लागारांचे रिपोर्ट मात्र सुरूच होते. हा फरक दिसला तेव्हा शंका उरली नाही.

यात नवीन काही नव्हतं, ही खरी खजील करणारी गोष्ट. मेलच्या शीर्षभागात ‘थांबवा’चा पत्ता द्यायची सोय १९९८ च्या आरएफसी २३६९ या इंटरनेट मानकापासून आहे. आणि नेमक्या याच भानगडीवर, म्हणजे यंत्रं लिंक आपोआप उघडतात यावर, उपाय म्हणून २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नुसत्या भेटीनं, म्हणजे `GET` नं, काहीही बदलू नये. बदल करायचा तर `POST` यायला हवा, आणि तो माणसानं बटण दाबल्यावरच येतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. मेलच्या तळाशी असलेली लिंक आता एक छोटं पान उघडते. त्यावर रिपोर्टचं नाव, कुणाच्या नावानं येतो ते, आणि एकच बटण. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, ‘का थांबवताय’ असा प्रश्न नाही. बटण दाबलं की `POST` जातो आणि मगच टेबलात बदल होतो. गाळणी पानापर्यंत येते, बघते आणि निघून जाते. दुसरं, मेलच्या शीर्षभागात या दोन ओळी घातल्या:

```
List-Unsubscribe: <https://reports.example/u/TOKEN>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

यामुळं ज्या मेल प्रोग्रॅमला हे कळतं, तो स्वतःचं बटण दाखवू शकतो आणि दाबल्यावर थेट `POST` पाठवतो. दाखवायचं की नाही ते त्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर, त्यामुळं तळाची लिंक काढून चालत नाही. मेलला डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची खूण पटवणारी, सही असावी आणि ती सही या दोन ओळींनाही लागू असावी, अशीही त्या आरएफसीची अट आहे. ती आमच्या मेल सर्व्हरवर आधीपासून होती, फक्त सहीच्या यादीत या ओळी घालाव्या लागल्या.

त्या ३१ जणांचं काय केलं? बदलांची वेगळी नोंद इथं कामाला आली. पाठवल्यापासून एका मिनिटाच्या आत झालेले सगळे बदल उलटवले. त्यात दोघांनी कदाचित खरंच थांबवलं असेल. त्यांना मेल परत एकदा गेला, त्यांनी परत एकदा थांबवला. हे चालण्यासारखं होतं. आज मी आठवड्यातून एकदा हाच आकडा बघतो: मेल गेल्यापासून किती वेळात थांबवला. काही सेकंदांचे बदल दिसू लागले की ते यंत्र आहे, माणूस नाही.

हे मिटलं आणि पंधरा दिवसांत फॉरवर्डचं प्रकरण उभं राहिलं. डिस्पॅचच्या काकांनी प्रलंबित गाड्यांचा रिपोर्ट प्लँट हेड साहेबांना पुढं पाठवला. साहेबांनी तो वाचला, तळाशी ‘थांबवा’ दिसलं, त्यांना वाटलं हा आपल्याला येतोय, आणि त्यांनी दाबलं. दुसऱ्या दिवसापासून काकांचा रिपोर्ट बंद. लिंकमधला टोकन, म्हणजे माणूस आणि रिपोर्ट ओळखणारा कोड, काकांचा होता, दाबलं कुणी ते त्याला कळत नाही. म्हणून पानावर मोठ्या अक्षरात कुणाच्या नावाचा रिपोर्ट थांबतोय ते लिहिलं. आणि थांबवल्यावर त्या माणसाला एक मेल जातो: तुमचा अमुक रिपोर्ट थांबला, चुकून झालं असेल तर इथं दाबून परत सुरू करा. हा मेल एकदाच जातो. थांबवल्यावरही मेल येतो म्हणून कुणीतरी कुरकुर केलीच, पण तो मी काढलेला नाही.

टोकन एका माणसाचा एकच रिपोर्ट थांबवू किंवा सुरू करू शकतो. त्यानं रिपोर्ट वाचता येत नाही, दुसऱ्याचं काही बदलता येत नाही. त्यामुळं फॉरवर्ड होत होत तो कारखान्याबाहेर ट्रान्सपोर्टवाल्याकडं गेला तरी नुकसान एका सकाळचं. त्याला मुदतही नाही. दोन महिन्यांपूर्वीचा मेल उघडून कुणी ‘थांबवा’ दाबलं आणि ‘लिंकची मुदत संपली’ असं उत्तर आलं, तर तो माणूस परत नियम लावून फोल्डर बनवणार.

‘फक्त गडबड असेल तेव्हाच’ हा पर्याय सगळ्यात आवडता ठरेल असं वाटलं होतं. तो आवडलाही, पण त्यात एक खोच निघाली. मशीन बंद राहिल्याचा रिपोर्ट ज्यांनी असा घेतला होता, त्यांना तीन आठवडे काहीच आलं नाही. मेंटेनन्सच्या दादांनी विचारलं, “सगळं ठीक आहे, की तुमचंच काही बंद पडलंय?” रिकाम्या रिपोर्टच्या त्या अकरा दिवसांनंतर हा प्रश्न मला झोंबला. आता हा पर्याय घेतलेल्या प्रत्येकाला रविवारी एक ओळ जाते: या आठवड्यात ठरलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं नाही, तपासणी सहा वेळा झाली. सहाच्या जागी चार दिसलं, तर चूक माझ्याकडं आहे हे त्यांनाही कळतं.

दोन रिपोर्टना ‘थांबवा’ नाही. एक मोजमापाच्या साधनांच्या कॅलिब्रेशनची मुदत जवळ आल्याचा आणि एक सुरक्षेच्या घटनांचा. तिथं बटण नुसतं गाळलं नाही. त्या जागी लिहिलं आहे की हा रिपोर्ट तुमच्या जबाबदारीमुळं येतो, तो दुसऱ्या कुणाकडं सोपवायचा असेल तर इथं कळवा. साहेबांना असे बंधनकारक रिपोर्ट आठ हवे होते. मी एवढंच विचारलं की हा न वाचल्यानं नेमकं काय बिघडतं ते एका वाक्यात सांगा. दोनांचं सांगता आलं.

साहेबांशी दुसरा वाद झाला तो कुणी काय थांबवलं त्याच्या यादीवरून. मी नावं दिली नाहीत. कोणत्या रिपोर्टला किती वाचक उरले, एवढा आकडा दिला. नावं गेली असती तर एक्सेलच्या शीटसारखंच सगळीकडं ‘हो’ झालं असतं. एका रिपोर्टचे वाचक शून्यावर आले, तेव्हा साहेबांनीच विचारलं की हा कुणी मागितला होता. त्यांनीच मागितला होता, दोन वर्षांपूर्वी, एका ग्राहकाच्या तक्रारीसाठी. त्याचा मेल थांबवला, पण ऑडिटला लागला तर काढता यावा म्हणून रिपोर्ट पानावर तसाच ठेवला आहे.

सहा महिन्यांनी बघितलं तर पूर्ण थांबवणाऱ्यांपेक्षा रोजचा आठवड्यावर नेणारे जास्त निघाले. हे मला अपेक्षित नव्हतं. बंद-चालू एवढंच ठेवलं असतं तर हे सगळे ‘बंद’मध्ये गेले असते.

टेबलातला `until_date` हा रकाना मात्र माझ्या डोक्यातून आलेला नाही. तो हजेरी बघणाऱ्या ताईंचा. दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या कामगारांपैकी बऱ्याच जणांच्या घरी द्राक्षबाग आहे. काढणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, आणि ती संपते न संपते तोच चैत्रात सप्तशृंगी गडावरच्या यात्रेसाठी रजा सुरू होतात. तेवढे महिने ताईंना गैरहजेरीचा रिपोर्ट रोज हवा असतो, एरवी आठवड्याला पुरतो. पहिल्या वर्षी त्या मला फोन करून बदलून घ्यायच्या, आणि परत आठवड्यावर न्यायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहायचं नाही. आता ‘रोज हवा’ निवडलं की खाली विचारतो, कधीपर्यंत? तारीख टाकली की त्या दिवसानंतर रिपोर्ट आपोआप मागच्या क्रमावर जातो आणि शेवटच्या मेलमध्ये तसं लिहून येतं. यंदा ताईंनी जानेवारीतच तारीख टाकून ठेवली, ३० एप्रिल. मला ते नोंदी चाळताना कळलं.